क्रिएटिनचा डबा विकत घेण्याआधी

जिम लावून दोन-तीन महिने झाले की ट्रेनर विचारतोच, "क्रिएटिन सुरू केलंस का?" या प्रश्नात गैर काही नाही. थोड्या वेळात पूर्ण जोर लावायच्या व्यायामात, म्हणजे वजन उचलताना किंवा छोटी धाव घेताना, क्रिएटिनचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळातच कमी असतो. खरी परीक्षा पुढच्या वाक्याची असते. "साधं मोनोहायड्रेट नको, अंगात पाणी धरतं. हे बफर्ड घे, थोडंसंच पुरतं. माझ्याकडे आहे डबा."

अशा वेळी मी एकच प्रश्न सुचवेन: "सर, दुसऱ्या दुकानातून साधं मोनोहायड्रेट आणलं तर चालेल का?" ज्याला तुमच्या व्यायामाची काळजी आहे तो "चालेल" म्हणेल आणि फार तर डब्यावर काय बघायचं ते सांगेल. उत्तर फिरून फिरून त्याच ब्रँडवर येत असेल, तर त्यात कमिशन आहे असं धरून चाला. रीलमध्ये हेच काम डिस्काउंट कोड करतो. तुम्ही कोड वापरलात की बहुतेक वेळा त्याचे पैसे सांगणाऱ्याला मिळतात. पैसे घेऊन किंवा फुकट माल घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचं स्पष्ट सांगायला हवं, असा आपल्याकडे नियम आहे. वर्णनाच्या तळाशी, हॅशटॅगच्या गर्दीत तो उल्लेख दडवला असेल, तर त्या माणसाच्या बाकीच्या बोलण्याकडेही मी सावधपणे बघेन.

पण कमिशन आहे म्हणजे सल्ला खोटाच, असं मात्र नाही. बफर्ड क्रिएटिनची २०१२ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये चाचणी झाली. नियमित व्यायाम करणाऱ्या ३६ जणांचे तीन गट केले. एकाला मोनोहायड्रेट, दुसऱ्याला तेवढंच बफर्ड आणि तिसऱ्याला कंपनी सांगते तेवढंच, म्हणजे रोज दीड ग्रॅम बफर्ड दिलं. २८ दिवसांनी स्नायूंतलं क्रिएटिन, ताकद किंवा शरीराची घडण यांपैकी कशातही बफर्ड सरस ठरलं नाही. आता या चाचणीला पैसे कोणी दिले ते बघा: मोनोहायड्रेट बनवणाऱ्या जर्मन कंपनीने! मग निकाल फेकून द्यायचा का? नाही. कोणाला काय दिलं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. शिवाय स्नायूचा बारीक तुकडा काढून त्यातलं क्रिएटिन मोजलं होतं. पैसा कोणाचा हे कळलं की पद्धत जास्त बारकाईने तपासायची, एवढाच त्याचा अर्थ. "बफर्ड भारी" म्हणणाऱ्याकडे समोरासमोर तुलना केलेली अशी चाचणी आहे का, हे विचारा. "माझ्या पोरांना फरक पडला" हे उत्तर पुरेसं नाही, कारण ती पोरं त्याच काळात व्यायामही करत होती.

लोडिंगचंही तसंच. रोज २० ग्रॅम याप्रमाणे सहा दिवस घेतलं की स्नायू लवकर भरतात, हे खरं आहे. पण रोज ३ ग्रॅम घेतलं तरी साधारण २८ दिवसांत साठा तिथेच पोचतो, हे १९९६ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. पहिल्या पद्धतीत सहा दिवसांत १२० ग्रॅम जातात, म्हणजे २५० ग्रॅमचा डबा जवळजवळ अर्धा संपतो. स्पर्धा तोंडावर नसेल तर ही घाई कशासाठी?

घाबरवणाऱ्या रीललाही हीच कसोटी लावा. "क्रिएटिनने टक्कल पडतं" या समजाचं मूळ २००९ मधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका छोट्या अभ्यासात आहे. तिथे रग्बी खेळाडूंच्या रक्तात डीएचटी हे संप्रेरक वाढलेलं दिसलं, पण केस कोणी मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत केसही तपासले आणि क्रिएटिन घेणारे व न घेणारे यांच्यात फरक सापडला नाही. ही चाचणीही छोटीच होती, म्हणून विषय कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही. पण दावा ज्या गोष्टीचा आहे तीच मोजली का, हे विचारलं की अर्धी भीती ओसरते.

एका बाबतीत मात्र ट्रेनरचा शब्द अंतिम मानू नका. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत तेच मोजतात. त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असूनही रिपोर्टमधला आकडा थोडा वर दिसू शकतो. उलट, मूत्रपिंडाचा आजार खरंच असेल तर "पावडरमुळे वाढलंय" म्हणून तो नजरेआड होण्याचा धोका असतो. तेव्हा रक्त तपासायला जाताना क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल, तर डबा उघडण्याआधीच त्यांना विचारा.