मिरचीचं देठ ओलेपणी काढू नका! वर्षभराचं तिखट पावसाळ्यात का बिघडतं, वाचा सविस्तर

नंदुरबार : हिवाळा लागला की नंदुरबार परिसरातल्या मिरची पथाऱ्या लालेलाल दिसू लागतात. बाजारात ओली लाल मिरची येते, व्यापारी ती मोकळ्या मैदानावर पसरून वाळवतात. याच दिवसांत अनेक शेतकरी कुटुंबं घरापुरती वीस-पंचवीस किलो मिरची बाजूला काढतात आणि अंगणात किंवा गच्चीवर वाळत घालतात. पण वर्षाचं म्हणून केलेलं तिखट श्रावणापर्यंत गोळे धरतं, त्याला कुबट वास येतो. दोष डब्याला किंवा चक्कीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वाळवणातच असतं.

ओल्या लाल मिरचीत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. हे पाणी दहा-अकरा टक्क्यांपर्यंत खाली आलं की मिरची टिकते. २० किलो ओली मिरची घेतली तर वाळून साधारण ५ किलो उरते. ती जात आणि ओलीप्रमाणे थोडी कमी-जास्त भरेल. त्यातलं देठांचं वजन सुमारे ३०० ग्रॅम जातं आणि दळताना थोडी घट येते. म्हणजे हातात साडेचार किलोच्या आसपास तिखट पडतं. वीस किलोची आठच किलो झाली आणि मिरची वाळली असं वाटलं, तर ती वाळलेली नाही, हे काट्यावरच कळतं. म्हणून वाळत घालण्याआधी एकदा वजन करून लिहून ठेवा.

देठाचा प्रश्न

घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. नंतर काम नको म्हणून बरेच जण ओल्या मिरचीचंच देठ खुडून टाकतात. देठ आणि त्याखालची हिरवी टोपी हे मिरचीचं झाकण असतं. ओलेपणी ते ओढलं की साल फाटते, तोंड उघडं पडतं आणि दव, धूळ, किडे, बुरशी यांना थेट आत वाट मिळते. वरून मिरची लाल, चकचकीत दिसते. फोडली की बियांभोवती पांढरी किंवा काळपट जाळी निघते. म्हणून वाळवताना देठ राहू द्यायचं आणि दळण्याच्या आधी काढायचं.

दळताना मात्र देठ नकोच. त्याला ना रंग ना तिखटपणा, वर तिखट फिकट आणि भुसकट लागतं. टोपीखाली माती आणि बुरशीही दडून बसते. विकतच्या तिखटात कधी कधी देठासकट दळलेली मिरची असते. घरी तो कंजूसपणा करण्यात काही अर्थ नाही.

ऊन, दव आणि ताडपत्री

पूर्ण लाल झालेलीच मिरची घ्या. फुटलेली, डागाळलेली, मऊ पडलेली आधीच वेगळी काढा. काही मिरच्यांवर हिरवट छटा असेल तर एक-दोन दिवस सावलीत गोणपाटाखाली ढीग करून ठेवतात, म्हणजे रंग सारखा येतो. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर ढीग आतून तापतो आणि सडतो.

नंतर स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर एका थरात पसरा. मातीवर, रस्त्याच्या कडेला किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात नको. सारवण ही जुनी पद्धत असली तरी शेणातले जंतू ओल्या मिरचीला चिकटतात. दिवसातून दोन-तीनदा खालीवर करा. चांगलं ऊन असेल तर दहा ते पंधरा दिवस लागतात, ढगाळ हवा असेल तर त्याहूनही जास्त.

हिवाळ्यात खरी अडचण रात्रीची असते. दिवसभर सुकलेली मिरची पहाटेच्या दवाने पुन्हा ओली होते. म्हणून संध्याकाळी गोळा करून झाका, पण उन्हातली गरम मिरची लगेच प्लास्टिकखाली दाबू नका. तिला घाम सुटतो आणि सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात. थोडी गार होऊ द्या, खाली-वर गोणपाट घाला, ताडपत्री सगळ्यात वर. सकाळी दव उडाल्यावरच पसरा.

अवकाळी पावसाने दरवर्षी कुठे ना कुठे पथाऱ्यांचं नुकसान होतं, तेच गच्चीवरही होऊ शकतं. मिरची भिजलीच तर ढिगात ठेवू नका. घरात पातळ पसरून पंखा लावा आणि भिजलेली मिरची कोरड्या मिरचीत मिसळू नका. भिजून उन्हाने पांढरी पडलेली मिरची वेगळी काढा, तिचा रंग आणि चव दोन्ही उतरलेली असतात.

वाळली की नाही, कसं ओळखाल?

मिरची हलवली की बिया खुळखुळतात, ही पहिली खूण. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण देठाजवळचा जाड भाग सगळ्यात शेवटी वाळतो. ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी आठ-दहा मिरच्या उचला आणि देठाजवळ मोडून बघा. चामड्यासारखी वाकली तर अजून ऊन हवं. दुसरी खात्रीची खूण म्हणजे मूठभर मिरची काचेच्या बरणीत घट्ट बंद करून दुसऱ्या दिवशी तासभर उन्हात ठेवायची. आतून काचेवर वाफ धरली तर पाणी अजून आत आहे.

त्याच वेळी चार-पाच मिरच्या उभ्या चिरून आतून बघा. बुरशी दिसली तर ती मिरची टाकूनच द्या. काही बुरशींचं विष भाजूनही जात नाही, दळूनही जात नाही. हा तोटा सोसलेला बरा.

दळण आणि साठवण

देठं सकाळच्या वेळी काढा. मिरची तेव्हा किंचित मऊ असते, कडक उन्हातली चुरा होऊन उडते आणि घरभर ठसका लागतो. हाताला आधी गोडंतेल चोळा, नाकाला रुमाल बांधा. देठं काढल्यावर मिरचीला पुन्हा एक-दोन दिवस कडक ऊन दाखवा. ही पायरी अनेकजण गाळतात, आणि नेमकी तीच तिखट टिकवते. बोटाने दाबल्यावर कुरकुरीत तुटली की चक्कीवर न्या.

फ्लेक्स करायचे असतील तर चक्कीची गरज नाही. मिक्सर थांबून थांबून दोन-तीनदा फिरवला की भरड मिळते. झाकण पाच मिनिटं उघडू नका.

चक्कीतून तिखट गरम येतं. तसंच डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि गोळे होतात. परातीत किंवा स्वच्छ कापडावर सावलीत पसरून पूर्ण गार करा. काचेच्या बरणीत भरली तर ती अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडाने रंग उडतो. हिंगाचे खडे घालायला हरकत नाही, पण ओल राहिलेली असेल तर हिंग काही वाचवू शकत नाही.

साडेचार किलो एकाच डब्यात ठेवू नका. रोजच्या वापराला पाव किलोची बरणी, बाकीचं तीन-चार घट्ट डब्यांत. मोठे डबे पावसाच्या दिवशी उघडू नका, ओला चमचा तर बिलकूल नको. जमलं तर निम्मीच मिरची आत्ता दळा. उरलेली देठासकट जाड पिशवीत घट्ट बांधा. ती लाकडी फळीवर, भिंतीपासून थोडी लांब ठेवा आणि पावसाळा संपल्यावर ऊन दाखवून दळा. अख्ख्या मिरचीचा रंग आणि वास दळलेल्या तिखटापेक्षा जास्त दिवस राहतो.