दीर्घ अहवालाचा संक्षेप

९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू असताना, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धमंत्रिमंडळाला एक परिपत्रक पाठविले. त्याचा विषय होता कागदपत्रांची लांबी. आपल्यापुढे येणारे जवळजवळ सर्व अहवाल अवास्तव लांब असतात आणि त्यांतील मर्म शोधण्यात शक्ती खर्ची पडते, अशी त्यांची तक्रार होती. मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडावेत आणि किचकट विश्लेषण व आकडेवारी परिशिष्टात टाकावी, अशी सूचना त्यांनी केली होती. हे परिपत्रक स्वतः एका पानाचे होते. ते आज सर्वत्र दाखल्यादाखल सांगितले जाते. परंतु सहा पानांचे एक पान प्रत्यक्षात कसे करावयाचे, याचा उलगडा त्यातून पूर्णपणे होत नाही. त्यासाठी एखादे उदाहरण तपशिलात पाहणे बरे.

समजा, सत्तावीस हजार वस्तीच्या एका गावासाठी नळपाणीपुरवठा योजनेचे काम चालू आहे. १० जानेवारी रोजी कार्यकारी अभियंत्याने सहा पानांचा प्रगती अहवाल तयार केला. अहवालाची मांडणी प्रथेप्रमाणे कालक्रमाने आहे. प्रथम मंजुरीचा इतिहास, मग नदीकाठच्या विहिरीचे काम, पंपघर, शुद्धीकरण केंद्र, दोन जलकुंभ आणि शेवटी जलवाहिनी. एकूण १८ किलोमीटर जलवाहिनीपैकी १७ किलोमीटर ९४० मीटर टाकून झाली आहे. उरले आहेत ६० मीटर. परंतु हे ६० मीटर रेल्वेमार्गाखालून जावयाचे आहेत आणि गावाच्या पूर्व भागातील जलकुंभाकडे जाणारी वाहिनी तीच एक आहे. या भागात नऊ हजार लोक राहतात. पाचव्या पानाच्या मध्यावर असे नमूद केले आहे की, रेल्वेच्या मागणीप्रमाणे सुधारित नकाशे दिले असून १४ लक्ष रुपयांची अनामत भरावयाची आहे व त्याबाबतचा प्रस्ताव २० डिसेंबरपासून मुख्यालयाच्या लेखा शाखेत आहे. योजना १ मे रोजी कार्यान्वित व्हावी असे ठरले आहे. हा अहवाल ज्यांच्यापुढे जावयाचा आहे त्या मुख्य अभियंत्यांना त्याच दिवशी आणखी चौदा कामांचे अहवाल पाहावयाचे आहेत.

कार्यालयातील एखाद्या हुशार साहाय्यकाला हा अहवाल आटोपशीर करण्यास सांगितले, तर बहुधा पुढील मजकूर तयार होईल: ‘काम समाधानकारकपणे प्रगतिपथावर आहे. विहीर, पंपघर व जलकुंभ पूर्ण झाले आहेत. जलवाहिनीचे काम ९९ टक्क्यांहून अधिक झाले आहे. रेल्वेच्या परवानगीबाबत पाठपुरावा चालू आहे. योजना नियोजित वेळेत पूर्ण होण्याची अपेक्षा आहे.’ यातील एकही वाक्य धडधडीत खोटे नाही. तरीही हा संक्षेप अत्यंत वाईट आहे, आणि तो वाईट का आहे हे नीट समजले म्हणजे चांगला संक्षेप कसा करावा हेही बरेचसे समजते.

साहाय्यकाने प्रत्येक पानातून एक वाक्य उचलले. मूळ अहवालाचा घाट त्याने तसाच ठेवला, केवळ आकार कमी केला. भिंतीवरील मोठे चित्र टपाल तिकिटावर छापावे त्यातला हा प्रकार. जे पूर्ण झाले आहे त्याला आणि जे अडले आहे त्याला सारखीच जागा मिळाली. ‘९९ टक्के’ हा आकडा तर विशेष फसवा आहे. जलवाहिनी लांबीच्या हिशेबाने जवळजवळ पूर्ण असली, तरी मधले ६० मीटर नसताना तिच्यातून पूर्वेकडे पाण्याचा एक थेंबही जाणार नाही. नळाच्या बाबतीत टक्केवारी लांबीवरून काढणे व्यर्थ असते. आणि ‘पाठपुरावा चालू आहे’ हा सरकारी मराठीतील शब्दप्रयोग तर असा आहे की, त्याच्या आड कोणतीही तारीख, कोणतीही रक्कम आणि कोणताही अडथळा सुखाने लपून राहू शकतो.

म्हणून संक्षेप करणाऱ्याने अहवालाच्या पहिल्या पानापासून आरंभ करू नये. वाचणाऱ्या अधिकाऱ्यापासून आरंभ करावा. हा कागद वाचून त्यांनी काय करावयाचे आहे? खालच्या कोणाच्याही हाती नाही आणि केवळ त्यांच्याच हाती आहे, असे या प्रकरणात काय आहे? आपल्या उदाहरणात त्याचे उत्तर स्पष्ट आहे. चौदा लक्ष रुपये मंजूर करण्याचा अधिकार कार्यकारी अभियंत्याला नाही. तो मुख्य अभियंत्यांना आहे. तेव्हा हीच मागणी सर्वप्रथम आली पाहिजे. उरलेल्या सहा पानांतून केवळ एवढेच उचलावयाचे, की जे वाचल्यावाचून ही मंजुरी देणे त्यांना शक्य होणार नाही.

दुसरा प्रश्न कालमर्यादेचा. तिचे उत्तर मूळ अहवालात अनेकदा नसतेच. ते मोजून काढावे लागते. रुळांखालून जॅकच्या साहाय्याने पोलादी नळी ढकलण्यास ४५ दिवस, तिच्यातून जलवाहिनी ओवून दोन्हीकडील सांधे जोडण्यास १५ दिवस, आणि दाबचाचणी व क्लोरीनने निर्जंतुकीकरण यांस २० दिवस, असे एकूण ८० दिवस लागणार आहेत. १ मेपासून ८० दिवस मागे गेल्यास १० फेब्रुवारी ही तारीख येते. त्या दिवशी परवानगी हातात असली पाहिजे. अनामत भरल्यानंतर परवानगीस १५ दिवस लागतील असे रेल्वेने कळविले आहे. म्हणजे रक्कम २६ जानेवारीला भरली गेली पाहिजे. आणि तो सुटीचा दिवस असल्याने २५ जानेवारीलाच. मूळ अहवालात हे सर्व आकडे तीन निरनिराळ्या पानांवर विखुरलेले होते, परंतु २५ जानेवारी ही तारीख कोठेही नव्हती. चांगला संक्षेप म्हणजे केवळ गाळणे नव्हे, हे येथे दिसून येते. कधी कधी त्यात मुळात नसलेली एखादी गोष्ट घालावी लागते.

आता संक्षेपाचा मजकूर असा होईल: ‘रेल्वे अनामतीच्या १४ लक्ष रुपयांस आपली मंजुरी हवी आहे. रक्कम २५ जानेवारीपर्यंत भरली गेली तरच १ मे रोजी संपूर्ण गावाला पाणी देता येईल. विलंब झाल्यास पूर्व भागातील नऊ हजार लोकांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागेल; माणशी ४० लिटर धरल्यास दररोज दहा हजार लिटरच्या ३६ फेऱ्या. मंजुरीचा प्रस्ताव २० डिसेंबर रोजी लेखा शाखेस सादर केला आहे. योजनेची अन्य कामे पूर्ण असून त्यांबाबत आपल्याकडून काही अपेक्षित नाही.’

या पाच वाक्यांतील शेवटच्या वाक्यास विशेष किंमत आहे. पाच पाने भरून सांगितलेला मजकूर त्याने एका दमात बाजूला ठेवला आहे, आणि तरीही अधिकाऱ्याला निश्चिंत केले आहे. चौथे वाक्य अवघड आहे. विलंब मुख्यालयातच झाला आहे हे मुख्यालयाच्या प्रमुखास सांगावयाचे असते आणि येथेच पुष्कळ लेखणी अडखळतात. ‘संबंधितांकडून विलंब होत आहे’ असे लिहिले तर कोणालाच बोध होत नाही; ‘लेखा शाखेने अक्षम्य दिरंगाई केली’ असे लिहिले तर अनामतीऐवजी भांडणाचीच चर्चा होते. तारीख आणि ठिकाण सांगून थांबणे हा मार्ग उत्तम. विशेषणांचे काम तारीख करते.

संक्षेप करताना एक धोका सतत असतो: मुद्दा टिकतो, पण त्याची मर्यादा गळून पडते. याचे एक दुःखद उदाहरण अवकाशविज्ञानाच्या इतिहासात आहे. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे कोलंबिया हे अवकाशयान उड्डाण करीत असताना, सुमारे ८२ सेकंदांनी, बाह्य इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अभ्यास करून तो प्रक्षेपणपट्टीच्या काही पानांवर, मुद्द्यांच्या रूपाने, वरिष्ठांपुढे मांडला. त्यांतील एका पानाच्या शीर्षकाचा आशय असा होता की, उपलब्ध चाचण्यांवरून उष्णतारोधक फरशांच्या हानीचा अंदाज प्रत्यक्षाहून अधिकच ठरतो. वाचणाऱ्यास धीर यावा असे ते शीर्षक होते. त्याच पानाच्या तळाशी, मुद्द्याच्या उपमुद्द्याखाली, बारीक अक्षरांत असे नोंदले होते की, चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता आणि आदळलेला तुकडा मात्र १,९२० घन इंचांचा असावा. म्हणजे आकारात ६४० पट फरक! ज्या चाचण्यांच्या आधारावर शीर्षक उभे होते, त्या चाचण्या या प्रसंगास लागू पडतात की नाही याचीच शंका शेवटच्या ओळीत होती. आणखी एक बाब म्हणजे, ‘लक्षणीय’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द त्या पानावर पाच वेळा आला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होता.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या मार्गावर कोलंबिया दुभंगले आणि कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा अंत झाला. त्या एका पानामुळे दुर्घटना घडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. घातक हानी फरशांना नव्हे तर पंखाच्या अग्रकडेला झाली होती असे पुढे आढळले, आणि निर्णयप्रक्रियेतही अनेक दोष होते. परंतु ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या पानाची स्वतंत्र चिकित्सा करण्यात आली. ते पान वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला प्रश्न जिवावरचा आहे हे का उमगू नये, हे त्यातून ध्यानात येते, असा मंडळाचा अभिप्राय होता.

तेव्हा आपल्या पाच वाक्यांतही मर्यादा शोधून पाहिली पाहिजे. ‘२५ जानेवारीपर्यंत भरली गेली तरच’ हे विधान रेल्वेच्या १५ दिवसांच्या आश्वासनावर उभे आहे. ते आश्वासन लेखी आहे की तोंडी? तोंडी असल्यास ‘रेल्वेने तोंडी सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द त्याच वाक्यात गेले पाहिजेत, परिशिष्टात नव्हे. ८० दिवसांच्या हिशेबात रुळांखाली कठीण खडक लागण्याची शक्यता धरलेली नाही. आजूबाजूच्या खोदकामात खडक लागला असेल, तर हेही तेथेच सांगितले पाहिजे, मग वाक्य थोडे लांबले तरी चालेल.

मजकूर तयार झाल्यावर त्याची परीक्षा करण्याचा सोपा उपाय म्हणजे, मूळ अहवाल न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला तो वाचावयास देऊन कागद परत घ्यावा आणि मुख्य अभियंत्यांनी काय करावयाचे आहे व केव्हापर्यंत, एवढेच विचारावे. त्याने ‘काम ठीक चालले आहे’ असे उत्तर दिले, तर संक्षेप फसला. त्यानंतर प्रत्येक आकडा मूळ अहवालाशी ताडून पाहावा आणि समासात मूळ पानाचा क्रमांक लिहावा. सहा पानांचा अहवाल खाली जोडावयाचा असतोच. मुख्य अभियंत्यांनी पाचवे पान उघडून चौदा लक्षांचा आकडा स्वतः पाहिला, की त्यांची सही होण्यास फारसा वेळ लागत नाही.