फोड जूनमधले, खाज मार्चमधली

‘डॉक्टर, बाबांच्या अंगावर फोड आलेत. अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन वाटते. काय लावू?’ सोबत एक अंधुक फोटो. त्वचारोगतज्ज्ञांच्या मोबाइलवर असे संदेश सतत येत असतात. पाठवणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा दुसऱ्या गावी असते, वडील सत्तरी ओलांडलेले असतात आणि घरातल्या सगळ्यांचा संशय शेवटी सुरू झालेल्या गोळीवर असतो. एवढ्या मजकुरावरून डॉक्टरला फारसं काही करता येत नाही. तेच चार-पाच ओळींऐवजी पंधरा ओळी नीट लिहिल्या, तर निदानाची निम्मी वाट तिथेच चालून होते. कशी, ते एका घराच्या उदाहरणावरून पाहू. घर कल्पित आहे, पण त्यातला एकेक तपशील दवाखान्यात रोज भेटणारा आहे.

वडील शहात्तर वर्षांचे, साताऱ्याजवळच्या गावात राहणारे. मुलगी पुण्यात. जूनमध्ये त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला, पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं आणि आठवड्याभरात मांड्यांवर, पोटावर पाण्याने भरलेले फोड आले. औषध घेतलं आणि फोड आले, म्हणजे औषधच बाधलं, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. मुलीने मात्र संदेश पाठवण्याआधी वडिलांना फोनवर एक साधा प्रश्न विचारला: ‘बाबा, फोड येण्याच्या आधी अंगाला काही होत होतं का?’ वडील म्हणाले, ‘खाज तर होळीपासूनच आहे. पित्त उठतं गं माझ्या अंगावर.’

या एका उत्तराने सगळा हिशोब बदलतो. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर आठवडे, महिने टिकणारी खाज, लालसर उंचवट्याचे चट्टे आणि नंतर टणक फोड, हा क्रम ‘बुलस पेम्फिगॉइड’ या आजाराचा ओळखीचा क्रम आहे. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला ज्या प्रथिनांनी चिकटलेला असतो, त्यांच्याच विरुद्ध या आजारात शरीर प्रतिपिंडं तयार करतं. चिकटलेले थर सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. संपूर्ण वरचा थरच फोडाचं छत बनतो, म्हणून हे फोड जाड सालीचे, ताणलेले असतात आणि सहज फुटत नाहीत. वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली हा आजार ‘पेम्फिगस’पासून वेगळा काढला. पेम्फिगसमध्ये फूट वरच्या थराच्या आतच पडते, त्यामुळे फोड लिबलिबीत असतात, लगेच फुटतात आणि तोंडात जखमा बहुतेक वेळा असतातच. तो तुलनेने कमी वयात होतो. म्हणून ‘फोड ताणलेला आहे की सैल’ आणि ‘तोंडात काही आहे का’ या दोन गोष्टी संदेशात असल्या, तर डॉक्टरचं बरंच काम हलकं होतं.

मुलीने मग वडिलांची फाईल शेजारच्या पोराकडून उघडवून घेतली. प्रत्येक गोळीच्या पाकिटाची मागची बाजू, जिथे घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं असतं, तिचे फोटो मागवले. जुन्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा पाहिल्या. जिथे तारीख नव्हती तिथे वडिलांना सणांच्या आधाराने विचारलं, कारण वडीलधाऱ्या माणसांना महिना आठवत नाही पण ‘गणपतीच्या आधी’ हे पक्कं आठवतं. मग तिने लिहिलं:

‘नमस्कार डॉक्टर. माझ्या वडिलांबद्दल लिहिते आहे, त्यांना विचारून. वय ७६, वजन ५८ किलो. मधुमेह १४ वर्षं, रक्तदाब ८ वर्षं. औषधाची अ‍ॅलर्जी यापूर्वी कधी नाही.

मार्चचा दुसरा आठवडा: पाठीला, मांड्यांना खाज सुरू. रात्री झोपमोड. मार्चअखेर: लाल उंच चट्टे, पित्तासारखे, पण एकेक चट्टा तीन-चार दिवस टिकणारा. सेटिरिझिन रोज रात्री सुरू, फरक थोडा. एप्रिल-मे: मेडिकलमधून आणलेलं मलम (फोटो जोडला आहे), लावलं की बरं, थांबवलं की पुन्हा. २ ते ६ जून: लघवीच्या संसर्गासाठी सेफिक्झिम २००, दिवसातून दोनदा. १२ जून: मांडीवर पहिला फोड. आज २० जून: एकूण अकरा फोड, मांड्या, पोट आणि दंडाची आतली बाजू. ताणलेले, स्वच्छ पाण्याचे, सर्वांत मोठा रुपयाच्या नाण्याएवढा. दोन फुटले, बाकी तसेच आहेत. तोंड, डोळे ठीक. ताप नाही. दोन्ही बाजूंना आहेत.

चालू औषधं: व्हिल्डाग्लिप्टिन ५० अधिक मेटफॉर्मिन ५००, दिवसातून दोनदा, गेल्या ऑगस्टपासून (त्याआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन). टेल्मिसार्टन ४०, सकाळी, ८ वर्षं. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १०, रात्री, ३ वर्षं. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, महिन्यातून चार-पाच वेळा, स्वतःहून. त्रिफळा चूर्ण, रात्री, बऱ्याच वर्षांपासून. शेवटची उपाशीपोटी साखर १४२, मे महिन्यातली. कुठलीही गोळी अजून आम्ही बंद केलेली नाही. कधी आणू?’

अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाची नजर या संदेशात सेफिक्झिमवर अडत नाही. खाज अँटिबायोटिकच्या आधी जवळजवळ तीन महिने सुरू झाली होती, आणि जे औषध घेतलेलंच नव्हतं त्यामुळे आजार सुरू होणार नाही. नजर थांबते ती ऑगस्टवर. तेव्हा व्हिल्डाग्लिप्टिन सुरू झालं, आणि सात महिन्यांनी खाज.

मधुमेहाच्या औषधांत ‘ग्लिप्टिन’ नावाचा एक गट आहे: सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन वगैरे. नावाच्या शेपटीवरून तो ओळखता येतो. ही औषधं घेणाऱ्यांमध्ये बुलस पेम्फिगॉइडचं प्रमाण वाढतं, हे फिनलंड, फ्रान्स, इस्रायल आणि दक्षिण कोरिया इथल्या मोठ्या अभ्यासांत दिसून आलं आहे, आणि त्यांत व्हिल्डाग्लिप्टिनचा संबंध सर्वांत ठळक आहे. भारतात २०१९च्या डिसेंबरात त्याच्या पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्यांनी ते काढलं, किंमत उतरली आणि ते गावोगावच्या चिठ्ठ्यांवर आलं. स्वस्त आणि चांगलं औषध सामान्य माणसाला मिळालं याचा आनंदच आहे. ते घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही, हेही तितकंच खरं. पण ज्याला होतो, त्याला गोळी सुरू केल्यावर अनेक महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनीही होतो. म्हणूनच घरच्यांना तिचा संशय येत नाही. ‘ती तर जुनीच गोळी आहे’ म्हणून यादीत ती लिहिलीच जात नाही, किंवा फक्त ‘शुगरची गोळी’ असं लिहिलं जातं. पाकिटावर ठळक अक्षरांत कंपनीने दिलेलं नाव असतं, आणि घटक मागे बारीक अक्षरांत. डॉक्टरला हवी असते ती बारीक ओळ, आणि तिच्यापुढे सुरुवातीचा महिना.

संदेशातला ‘एकेक चट्टा तीन-चार दिवस टिकतो’ हा तपशीलही मोलाचा आहे. नेहमीच्या पित्ताची गांध साधारण चोवीस तासांत विरते आणि दुसरीकडे उठते. एकाच जागी कित्येक दिवस बसून राहणारा चट्टा पित्ताचा नसण्याची शक्यता बरीच. तो पेनने हलकेच गोल करून दुसऱ्या दिवशी पाहिला की कळतं. ‘दोन्ही बाजूंना आहेत’ या शब्दांनी नागीण मागे पडते, कारण नागीण बहुधा एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि दुखते.

डॉक्टरांचं उत्तर आलं: ‘उद्याच आणा. फोड फोडू नका, हळद किंवा कुठलंही मलम लावू नका. गोळ्या तुम्ही बदलू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांशी मी बोलतो.’ फोड न फोडण्यामागे कारण आहे. निदान पक्कं करायला त्वचेचे दोन छोटे तुकडे घ्यावे लागतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये जातो. दुसरा फोडाशेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेचा. त्यात प्रतिपिंडांची रेघ चमकते का हे विशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर वाया जातो. त्याला वेगळं द्रावण लागतं आणि तो वेळेत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. तालुक्याच्या गावी घाईत दोन्ही तुकडे एकाच बाटलीत गेल्याची उदाहरणं घडतात, म्हणून नातेवाइकाने ‘दुसऱ्याची बाटली वेगळी आहे ना?’ असं विचारायला संकोचू नये.

संदेशाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यातून संशय कुठे घ्यायचा ते कळतं, निदान होत नाही. तुकड्यांनी आजार पक्का झाला तरी तो या गोळीमुळेच झाला, हे एका रुग्णापुरतं छातीठोकपणे सिद्ध करता येत नाही. या वयात तो गोळीशिवायही होतो, आणि अर्धांगवायू, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश असलेल्यांत जास्त आढळतो. तरीही शक्य असेल तेव्हा ग्लिप्टिन बदलणं शहाणपणाचं मानलं जातं. ते बदलल्यावर काहींचा आजार आवरतो, पण सुधारणेला आठवडे-महिने लागतात आणि बहुतेकांना इतर उपचार द्यावेच लागतात. तीव्र स्टेरॉइड मलम, डॉक्सिसायक्लिन किंवा पोटातून स्टेरॉइड यांतला पर्याय डॉक्टर निवडतात. पोटातल्या स्टेरॉइडने साखर चढते, म्हणूनच संदेशातला साखरेचा आकडा आणि वजन कामाला येतं. आणि म्हणूनच मधुमेहाची गोळी घरच्या घरी बंद करून बसणं धोक्याचं आहे.

एका प्रसंगात मात्र संदेश लिहीत बसू नये. नवी गोळी सुरू झाल्यावर साधारण चार ते अठ्ठावीस दिवसांत ताप, डोळे लाल, तोंडात किंवा लघवीच्या जागी जखमा, त्वचा भाजल्यासारखी दुखणं आणि हाताखाली साल सुटणं, असं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल, फिटची काही औषधं आणि सल्फा यांनी असं होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. तिथे संशयित गोळीचा पुढचा डोस देऊ नये आणि पाकीट सोबत न्यावं.

फोटोंबद्दल थोडंच. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, आधी पूर्ण पाठ किंवा मांडी दिसेल असा दुरून आणि मग नाणं शेजारी ठेवून जवळून. तोंडाच्या आतला एक फोटो जखम नसली तरी पाठवावा. वडिलांना विचारल्याशिवाय मात्र त्यांच्या उघड्या अंगाचा फोटो कुणालाही, कुटुंबाच्या ग्रुपवरही, पाठवू नये.

औषधाचा असा संशयित दुष्परिणाम नोंदवण्यासाठी भारत सरकारचा कार्यक्रम २०१०पासून चालू आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि तिथे फक्त डॉक्टरच नव्हे, रुग्ण आणि त्याचे नातेवाईकही नोंद करू शकतात.