सारांशाला किती गुण?

एम.ए.च्या इतिहासाच्या वर्गाला मी दरवर्षी सटीप संदर्भसूची करायला देतो. विषय १८७५ चे दख्खनचे दंगे. प्रत्येकाने आधी आपला एक प्रश्न ठरवायचा, त्यासाठी आठ साधने शोधायची आणि प्रत्येकाखाली शंभर-दीडशे शब्दांची टीप लिहायची. या साधनात काय आहे आणि ते आपल्या प्रश्नाला कितपत पुरते, या दोन्ही गोष्टी टिपेत यायला हव्यात. पहिलीवर सगळ्यांचा हात बसलेला असतो. दुसरी आली की वाक्ये पातळ होतात.

दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल जवळपास प्रत्येक यादीत असतोच. त्याखालची नेहमीची टीप अशी असते : ‘१२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांची माहिती या अहवालात आहे. रयत, सावकार व प्रत्यक्षदर्शी यांच्या जबान्या, तसेच सारा, बाजारभाव व व्याज यांचे आकडे दिले आहेत. सरकारी असल्याने अहवाल अत्यंत विश्वसनीय असून अभ्यासकांना उपयुक्त आहे.’

पहिली दोन वाक्ये चोख आहेत. तिसरे वाक्य पोस्टखात्याच्या वार्षिक अहवालाखाली चिकटवले तरी चालेल. माझी कसोटी एवढीच असते. साधनाचे नाव हाताने झाकायचे आणि मत देणारे वाक्य वाचायचे. ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला लागू पडत असेल, तर ते मूल्यमापन नव्हे. ‘उपयुक्त’, ‘सखोल’, ‘महत्त्वपूर्ण’ ही विशेषणे या कसोटीत हमखास गळतात.

एका टिपेला मी दहा गुण ठेवतो. ग्रंथनोंद बिनचूक असेल तर एक, वर्णनाला तीन, मूल्यमापनाला चार आणि साधन आपल्या प्रश्नाशी जोडून दाखवल्याबद्दल दोन. वरच्या टिपेला चार गुण मिळाले, तेही नोंद आणि वर्णन यांचेच.

त्याच गठ्ठ्यात याच अहवालावरची आणखी एक टीप होती. ती मुलगी दंगे का झाले, याचा शोध घेत होती. तिने लिहिले होते की साऱ्याच्या बोजामुळे दंगे झाले का, हे आयोगाने खास तपासायचे होते. म्हणजे ज्याच्यावर संशय त्यानेच चौकशी नेमलेली. आयोगाने साऱ्याला दोषमुक्त केले आणि बोट सावकाराकडे दाखवले. म्हणून कारणांबाबतचा निष्कर्ष मी पुरावा म्हणून घेणार नाही. जबान्या मात्र घेईन, पण रयत हे सगळे सरकारी साहेबासमोर बोलत होती, हे लक्षात ठेवून. या टिपेला मी नऊ गुण दिले. एकच अहवाल, पण त्यातला कोणता भाग धरायचा आणि कोणता सोडायचा हे तिने कारणासकट सांगितले होते. वर्णन तिने गाळले नव्हते, ते मताच्या आधाराला ठेवले होते.

हे मुलांच्या लक्षात आले की एक नवीच पळवाट निघते : ‘लेखक ब्रिटिश असल्याने पक्षपाती.’ वाक्य धीट वाटते, पण तेही शिक्क्यासारखेच आहे. मी समासात ‘कुठे?’ एवढेच लिहितो आणि एक गुण देतो. पक्षपात कोणत्या प्रश्नात, कोणत्या आकड्यात किंवा कोणाची जबानी न घेण्यात दिसतो, ते सांगितले तर पुढचे गुण.

नील चार्ल्सवर्थ यांच्या १९७२ च्या लेखावरून मात्र माझी खरी पंचाईत झाली. दंग्यांचा आवाका आणि महत्त्व फुगवून सांगितले गेले, असे त्यांचे म्हणणे. लेखाच्या नावात ‘मिथ’ हा शब्द आहे. एका विद्यार्थ्याने त्यावरून ‘दंगे झालेच नाहीत असे लेखक म्हणतो’ असे ठरवले आणि त्या म्हणण्याची फडफडीत चिरफाड केली. भाषा झकास, तर्क नीट, पण तिसऱ्याच माणसाशी भांडण. लेख त्याने उघडलाच नव्हता. मूल्यमापनाला मी शून्य दिले. तो आला आणि म्हणाला, ‘सर, मत मांडण्याला चार गुण आहेत असं तुम्हीच सांगितलं होतं ना?’ मी म्हणालो, ‘मत आहे, पण ते या लेखावर नाही. लेख वाचून परत लिहून आण.’

आठवड्याने त्याने नवी टीप आणली. दंगे किती गावांत झाले आणि त्यांत हिंसा किती झाली यावरून लेखक महत्त्व मोजतो, असे त्याने लिहिले होते. पण त्याचा स्वतःचा प्रश्न १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याचा होता. १८५७ ची आठवण ताजी असलेल्या सरकारला गावांच्या संख्येपेक्षा पुढे काय होईल याचीच धास्ती जास्त असणार, म्हणून हे मोजमाप आपल्याला अपुरे पडते, असे त्याचे म्हणणे. या वेळी मूल्यमापनाला तीन गुण दिले. चौथा रोखून धरला, कारण सरकार धास्तावले होते हे त्याने कशावरून म्हटले, ते टिपेत कुठेच नव्हते.