पाण्याखालचे दोन सूर

पेटी उघडा आणि डावीकडच्या सप्तकातल्या पांढरी तीन व पांढरी चार या दोन पट्ट्या शोधा. त्यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. तीन दाबा, मग चार, आणि थांबा. पुन्हा तीन-चार, पण या वेळी थोडं कमी थांबा. असं अंतर कमी करत गेलात की चार-पाच फेऱ्यांतच काहीतरी आपल्या अंगावर चालून येतंय असं वाटू लागतं.

'जॉज' (1975) या चित्रपटातल्या शार्कसाठी जॉन विल्यम्स यांनी केलेली धून म्हणजे मुळात हेच दोन सूर. त्यांनी ते प्रथम पियानोवर वाजवून दाखवले, तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना ती थट्टा वाटली आणि ते हसले. पात्राची धून म्हणजे गुणगुणता येईल अशी चाल, अशी आपलीही कल्पना असतेच. पण पात्रासोबत पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनेला, म्हणजे लाइटमोटिफला, गोडव्यापेक्षा लवचीकपणा जास्त लागतो. हे दोन सूर संथ आणि हळू वाजले की शार्क लांब आहे, लय आणि आवाज चढला की जवळ आला. लांबलचक चाल अशी ताणता-आवळता येत नाही, तिची ओळख पटेपर्यंत प्रसंग संपून जातो.

चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत होता. चित्रपटाचा पहिला तास उलटला तरी शार्क आपल्याला नीट दिसलेला नसतो. तोवर पडद्यावर नुसतं पाणी आणि खाली खर्जातली तंतुवाद्यं. शार्कचं काम तीच करतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र या धुनेचं न वाजणं. गर्दीच्या किनाऱ्यावर पाण्यात एक पर दिसतो, लोक किंचाळत बाहेर धावतात आणि संगीत मात्र गप्प असतं. तो पर पुठ्ठ्याचा निघतो, दोन पोरांनी केलेला खोडसाळपणा. धुनेने आपल्याशी खोटेपणा केलेला नाही. शार्क नसताना ती वाजली असती, तर पुढे तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. असा विश्वास बसल्यावरच स्पीलबर्ग तो एकदा मोडतात. पोलिसप्रमुख ब्रॉडी बोटीतून पाण्यात आमिष टाकत असतो आणि कसलीही चाहूल न देता शार्क थेट त्याच्यासमोर तोंड वर काढतो. तिथे प्रेक्षक खुर्चीत दचकतो.

हौशी नाटकांत बहुतेक वेळा याच्या उलट होतं. खलनायकाची धून चांगली जमलेली असते, म्हणून दृश्य बदलताना, मध्यंतरात, पडदा पडतानाही तीच लावतात. तिसऱ्या प्रवेशापर्यंत तिचं नुसतं पार्श्वसंगीत होऊन जातं.

तुमच्या एकांकिकेसाठी संगीतकाराकडे अशी धून मागायला जाल, तेव्हा पात्राच्या प्रवेशांची यादी न्याच. सोबत ती धून कुठे अजिबात वाजायची नाही, याचीही यादी न्या.