टीव्ही दुसऱ्याच्या घरी, खाती आपल्या घरी

दिवाळीत नवा मोठा टीव्ही आला की जुना ४३ इंची गावाकडे भावाला जातो, नाहीतर ओळखीतल्या कुणाला विकला जातो. देण्याआधी काच पुसली जाते, रिमोटमध्ये नवे सेल पडतात. आतली खाती मात्र तशीच जातात. मग महिन्याभराने घरातल्या मुलीच्या यूट्यूबवर पुतण्याची कार्टून्स सुचवली जाऊ लागतात, नेटफ्लिक्सच्या Continue Watching मध्ये कुणी न पाहिलेली मालिका अर्ध्यावर थांबलेली दिसते. एकाच स्क्रीनचा प्लॅन असेल, तर आपण बघायला बसलो की दुसरीकडे कुणीतरी बघतंय असा निरोप येतो.

अशा वेळी बहुतेकजण आधी पासवर्ड बदलतात. तेवढ्याने काम होईलच असं नाही, कारण टीव्हीकडे आपला पासवर्ड नसतोच. आपण पडद्यावरचा कोड मोबाइलवर टाकला किंवा क्यूआर स्कॅन केला, तेव्हा त्या सेवेने टीव्हीला एक टोकन दिलं. सोसायटीच्या गेटवर कायमचा पास दाखवून आत जावं, तसा टीव्ही ते टोकन दाखवून खात्यात शिरतो. पासवर्ड बदलला की हा पास रद्द होतो की नाही, हे सेवेवर अवलंबून आहे. नेटफ्लिक्स तर पासवर्ड बदलताना विचारतं, की सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडायचं का. तिथली खूण राहिली, तर टीव्ही आतच.

म्हणजे सफाई दोन ठिकाणी करायची: टीव्हीतला पास पुसायचा आणि सेवेच्या वहीतून टीव्हीचं नाव कापायचं.

समजा, टीव्ही गूगल टीव्ही प्रणालीचा आहे. त्यात Settings > System > About > Factory reset असं जायचं. सोनीसारख्या काही टीव्हींवर शेवटी Erase everything असं बटण येतं. मेनूत चित्र किंवा आवाज पूर्ववत करणारे वेगळे रीसेटही असतात. त्यांनी फक्त रंग आणि आवाज बदलतो, खाती जागेवर राहतात. खऱ्या रीसेटला काही मिनिटं लागतात आणि टीव्ही आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. त्या दरम्यान वीज काढू नका. शेवटी भाषा निवडा किंवा रिमोट जोडा असा अगदी नव्या टीव्हीसारखा पडदा आला, तर वायफायचा पासवर्ड, ॲप्स, खाती सगळं गेलं असं समजा. जुनी ॲप्स दिसत असतील, तर रीसेट झालेला नाही.

इथेच एक गंमत होते. घेणारा दारात उभा असतो, 'चालू करून दाखवा' म्हणतो आणि आपण पुन्हा आपल्याच खात्याने लॉगिन करतो. त्याऐवजी सुरुवातीच्या पडद्यावर Set up basic TV निवडा. खातं न देता सेट-टॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज दाखवता येतो.

आता मोबाइलवरचं काम. गूगल खात्यात Security मध्ये Your devices, नेटफ्लिक्समध्ये Manage access and devices आणि प्राइम व्हिडिओत नोंदवलेल्या उपकरणांची यादी असते. तिथून जुना टीव्ही काढून टाका. घरात दोन टीव्ही असतील तर नावं सारखीच दिसतात. मग शेवटचा वापर केव्हा आणि कुठे झाला ते पाहून ओळखावं लागतं. म्हणून टीव्ही घरात असतानाच हे उरकलेलं बरं. रीसेट नीट झाला असेल, तर यादीत उरलेलं नाव सहसा निरुपद्रवी असतं, पण रीसेट फसला असेल तर हीच यादी वाचवते. प्रत्येक ॲपमध्ये शिरून एकेक लॉगआउट करण्याचा खटाटोप मला तरी अनावश्यक वाटतो. अपवाद एकच: टीव्ही रीसेट न करता थोड्या दिवसांसाठी कुणाला द्यायचा असेल तर. नेटफ्लिक्सचा मेनू तेव्हा हट्टी निघाला, तर रिमोटवर वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा आणि मग चार वेळा वर दाबलं, की Sign out चा पर्याय समोर येतो.

टीव्हीच्या पाठीमागेही हात घालून पाहा. फायर स्टिक किंवा पेन ड्राइव्ह तिथेच अडकलेली असते आणि टीव्हीचा रीसेट फायर स्टिकला स्पर्शही करत नाही. तिची खाती तिच्यातच राहतात. घरातल्या मोबाइलवरच्या गूगल होम ॲपमध्ये टीव्ही जोडलेला असेल, तर तिथूनही तो काढा.

पॅनल फुटलेला टीव्ही भंगारात देताना मेनूच दिसत नाही. तेव्हा मोबाइलवरून सगळीकडे साइन आउट करा आणि घरच्या वायफायचा पासवर्ड बदला. रिपेअरवाल्याने उद्या नवं पॅनल बसवलं, तरी ज्या सेवांतून आपण तो काढला आहे त्या त्याला पुन्हा लॉगिनच मागतील.