रिलीज नोट्सचा मराठी अनुवाद कसा करावा? : काय मिटले आणि काय अजून बाकी आहे



अनुवाद म्हटला की आपल्याला कथा, कविता नाहीतर पाठ्यपुस्तक आठवते. पण आज आपण जरा वेगळा अनुवाद पाहणार आहोत. पतसंस्था, दूध संकलन केंद्र, दुकान अशा ठिकाणी आता संगणकावर सॉफ्टवेअर चालते. कंपनी त्याची नवी आवृत्ती देते तेव्हा सोबत दोन कागद येतात. एक म्हणजे रिलीज नोट्स, म्हणजे या आवृत्तीत काय नवे आले, काय बदलले, कोणती अडचण दूर झाली याची यादी. दुसरा म्हणजे नोन इश्यूज, म्हणजे कंपनीला माहीत आहेत पण अजून दूर झालेल्या नाहीत अशा अडचणींची यादी. दोन्ही कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतात आणि ते प्रोग्रामरच्या भाषेत लिहिलेले असतात. वाचायचे मात्र असतात काउंटरवरच्या क्लार्कने आणि कॅशियरने.

समजण्यासाठी आपण एका पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. समजा, तिच्या सॉफ्टवेअरची 4.2 ही आवृत्ती आली आहे आणि हे दोन्ही कागद आपल्याला मराठीत करायचे आहेत.

1) आधी शब्दांची यादी, ती पण संस्थेच्या वहीतून

पहिलीच गडबड ‘फिक्स्ड’ या शब्दाने होते. शब्दकोशात याचा अर्थ ‘निश्चित’, ‘स्थिर’ असा मिळतो. म्हणून ‘समस्या निश्चित केली’ अशी वाक्ये आपल्याला जागोजागी दिसतात. वाचणाऱ्याला वाटते, समस्या आहे हे आता नक्की झाले! खरा अर्थ आहे ‘अडचण दूर केली’. शिवाय पतसंस्थेत फिक्स्ड म्हटले की आधी मुदत ठेवच डोळ्यासमोर येते.

तसेच ‘क्रेडिट’ म्हणजे इथे श्रेय नव्हे, ‘जमा’. ‘डेबिट’ म्हणजे ‘नावे’. ‘बॅलन्स’ म्हणजे संतुलन नव्हे, ‘शिल्लक’. ‘इंटरेस्ट’ म्हणजे रस नव्हे, ‘व्याज’. हे शब्द शब्दकोशात शोधत बसू नका. संस्थेची रोजकीर्द, पावती पुस्तक, तेरीज पत्रक मागून घ्या. तिथे जो शब्द लिहिला आहे तोच वापरा. तीस-चाळीस शब्दांची यादी केली की पुढचे काम सोपे होते.

स्क्रीनवरच्या बटणांचे मात्र भाषांतर करू नका. स्क्रीनवर Save लिहिले असेल तर अनुवादातही Save च हवे. आपण ‘जतन करा’ लिहिले तर क्लार्क ‘जतन करा’ हे बटण शोधत बसेल आणि ते त्याला कुठेच सापडणार नाही. आवृत्तीचा नंबर आणि अडचणीचा नंबरही जसाच्या तसा ठेवा. KI-07 हा नंबर KI-०७ असा लिहिला तर शोधताना घोटाळा होतो, कारण संगणकासाठी 7 आणि ७ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. क्लार्क फोनवर नंबर सांगतो तेव्हा समोरच्याला तो त्याच्या यादीत सापडायला हवा ना!

2) ‘होते’ या शब्दापासून सावध

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. हे वाक्य वाचा : ‘लीप वर्षात मुदत ठेवीचे व्याज कमी होते.’

याचा अर्थ काय? व्याज पूर्वी कमी होते, की आजही कमी होते? मराठीत ‘होते’ हे रूप ‘असणे’ या क्रियापदाचा भूतकाळ आहे आणि ‘होणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळही आहे. बोलण्यात तर दोन्हीकडे ‘होतं’ असेच म्हणतो. गोष्ट वाचताना मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अर्थ कळतो. पण रिलीज नोट्स म्हणजे सुटी सुटी वाक्ये. आणि इथे तर सगळा प्रश्नच ‘मिटले की अजून आहे’ हा आहे. म्हणून नुसत्या ‘होते’ वर वाक्य सोडू नये.

मिटलेल्या अडचणीसाठी असे लिहावे : ‘लीप वर्षात मुदत ठेवीचे व्याज एक दिवसाने कमी धरले जात होते. आवृत्ती 4.2 पासून ते पूर्ण दिवसांचे धरले जाते.’ न मिटलेल्या अडचणीसाठी सुरुवातच ‘अजूनही’ या शब्दाने करावी. ‘आधी’, ‘आता’, ‘अजूनही’ हे तीन साधे शब्द इथे फार उपयोगी पडतात.

असाच दुसरा फसवा शब्द म्हणजे इंग्रजीतला ‘मे’. ‘पावती दोनदा सेव्ह होऊ शकते’ असे लिहिले तर काही जणांना ती सोयच वाटेल. ‘दोनदा सेव्ह करता येते’ लिहिले तर नक्कीच सोय वाटेल! इथे सांगायचे आहे ते असे : ‘कधी कधी एकच पावती चुकून दोनदा सेव्ह होते.’ ‘कधी कधी’ आणि ‘चुकून’ हे शब्द मूळ इंग्रजीत नाहीत, पण अर्थ त्यांच्यामुळेच उतरतो.

तिसरा शब्द ‘डेप्रिकेटेड’. जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल डेप्रिकेटेड आहे, असे नोट्समध्ये असेल तर ती बंद झाली असे लिहू नये. ती अजून चालते, पण पुढच्या एखाद्या आवृत्तीत बंद होण्याची शक्यता आहे, असा त्याचा अर्थ. ‘बंद झाली’ वाचून क्लार्क आजच घाबरून फोन करेल. ‘चालते’ एवढेच वाचले तर तो वर्षभर निवांत राहील आणि मग एक दिवस अडकेल.

3) जे लिहिलेले नाही ते विचारा

वरचे व्याजाचे उदाहरण पुन्हा घेऊ. एक लाख रुपयांची ठेव, दर 9 टक्के. एका दिवसाचे व्याज साधारण 25 रुपये. 29 फेब्रुवारी 2024 हा दिवस मोजला गेला नसेल तर प्रत्येक लाखामागे सभासदाला 25 रुपये कमी मिळाले. आता चूक दूर झाली. मग ज्यांना आधीच कमी व्याज मिळाले त्यांचे काय? नवी आवृत्ती त्यांच्या खात्यात फरक आपोआप जमा करेल का?

नोट्समध्ये याबद्दल एक अक्षरही नसते. प्रोग्रामरने हिशोबाचे सूत्र सुधारले आणि त्याचे काम संपले. पण क्लार्कच्या समोर सभासद पासबुक घेऊन उभा राहतो. अशा वेळी आपण स्वतःच्या मनाने ‘आपोआप होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे लिहायचे नाही. कंपनीला लेखी प्रश्न विचारायचा. आपल्या उदाहरणात उत्तर आले असे धरू की, जुन्या नोंदी बदलणार नाहीत. मग अनुवादात एक वाक्य वाढवावे : ‘4.2 येण्यापूर्वी जमा झालेले व्याज आपोआप बदलणार नाही. फरकाची नोंद वेगळी करावी लागेल.’ ही वाढ कंपनीला दाखवून मंजूर करून घ्यावी.

4) एक अडचण पूर्ण सोडवून पाहू

नोन इश्यूजच्या यादीतील KI-07 ची मूळ माहिती अशी आहे : इंटरनेट संथ असताना, खात्रीचा संदेश येण्याआधी पुन्हा Save दाबले तर पावती दोनदा नोंदली जाऊ शकते. उपाय असा, की दुसरी पावती Receipt Register मध्ये जाऊन Cancel करावी, Delete करू नये.

शब्दाला शब्द ठेवून केलेला अनुवाद बहुधा असा येतो :

‘पुष्टीकरण संदेशापूर्वी वापरकर्त्याने पुनश्च जतन केल्यास मंद जोडणीवर पावती द्विवार नोंदविली जाऊ शकते. वर्कअराउंड : दुय्यम पावती नोंदवहीतून रद्द करावी, काढू नये.’

व्याकरण बरोबर आहे, पण कॅशियरला काही कळणार नाही. ‘रद्द करावी, काढू नये’ यातला फरक तर अजिबातच कळणार नाही. बोलताना आपण दोन्हीला ‘पावती काढून टाकली’ असेच म्हणतो. प्रत्यक्षात या सॉफ्टवेअरमध्ये Cancel केले की पावतीचा नंबर राहतो आणि त्यावर रद्दचा शिक्का येतो. Delete केले की नंबरच गायब होतो. मग लेखापरीक्षक विचारतो, 412 नंतर एकदम 414 कशी? 413 ची पावती कुठे गेली?

म्हणून प्रत्येक अडचण चार प्रश्नांच्या उत्तरात मांडावी :

* केव्हा घडते? अजूनही इंटरनेट संथ असताना, Save एकदा दाबल्यावर संदेश यायच्या आत पुन्हा Save दाबले तर.
* काय दिसते? कधी कधी एकाच भरण्याच्या दोन पावत्या, लागोपाठच्या नंबरांनी तयार होतात.
* काय करावे? Save एकदाच दाबून संदेशाची वाट पाहावी. दोन पावत्या झाल्याच तर Receipt Register उघडून दुसरी पावती निवडावी आणि Cancel दाबावे.
* काय करू नये? Delete दाबू नये. पावतीचा नंबर नाहीसा होतो.

मराठीत अट आधी आणि परिणाम नंतर सांगणे सहज वाटते, म्हणून ‘केव्हा’ पहिले ठेवले.

हे नीट का लिहायचे? समजा एका सभासदाने 2000 रुपये भरले आणि पावती दोनदा झाली. संगणक 4000 जमा दाखवतो, गल्ल्यात मात्र 2000 च आहेत. संध्याकाळी कॅश जुळत नाही. कारण सापडले नाही तर तूट कॅशियरच्या अंगावर येते. ज्या कागदात कारण लिहिले आहे तो कागद त्याला वाचून कळला पाहिजे, एवढाच आपला प्रयत्न.

5) अनुवाद जमला की नाही, कसे ओळखायचे?

पाठवण्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, सॉफ्टवेअर उघडून प्रत्येक बटणाचे नाव स्क्रीनशी ताडून पाहा. सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर कंपनीकडून स्क्रीनचे फोटो मागवा. दुसरी, मूळ यादीतले सगळे नंबर मराठीत आले का ते मोजा. तिसरी आणि खरी परीक्षा म्हणजे संस्थेतल्या एखाद्या क्लार्कला कागद वाचायला द्या. ‘समजलं का?’ असे विचारू नका. वर्गात या प्रश्नाला मुले जशी ‘हो बाई’ म्हणतात, तसेच मोठी माणसेही म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘ताई, पावती दोनदा झाली तर तुम्ही कोणतं बटण दाबाल?’ आणि ‘आधी कमी आलेलं व्याज आपोआप येईल का?’

उत्तर अडखळत आले किंवा चुकीचे आले तर वाक्य बदला. आणि KI-07 पुढच्या आवृत्तीत दूर झाली, की ती नोन इश्यूजमधून काढून रिलीज नोट्समध्ये न्या. तेव्हा ‘अजूनही दोनदा सेव्ह होते’ चे ‘आधी दोनदा सेव्ह होत होती, आता होत नाही’ असे करायला विसरू नका.